रजिस्टरात साठा दिसतो, पण कपाटात वापरण्याजोगे औषध नाही: हा घोटाळा पुन्हा पुन्हा का होतो आणि तो कसा थांबवावा

लहान दवाखान्यात औषधांचे रजिस्टर वहीत असो वा एक्सेलमध्ये, एक तक्रार ठरावीक काळाने परत येतेच. रजिस्टरनुसार साठा भरपूर असतो, मागणीची सूचना आलेली नसते, आणि ऐन वेळी ड्रॉवर उघडल्यावर इंजेक्शन संपलेले तरी असते किंवा हातात येते ते मुदत संपलेले असते. माझ्या दवाखान्यात हे तीनदा घडले. पहिल्या दोन वेळा मी चुकीचा उपाय केला आणि त्यामुळे तिसरी वेळ आली. त्या तिसऱ्या वेळचा हिशेब मी शेवटच्या नगापर्यंत लावला, म्हणून तोच इथे मांडत आहे.

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ होती. उलट्यांचे रुग्ण पावसाळ्यात रोजच असतात. ओंडान्सेट्रॉनच्या २ मिलीच्या अँप्युल ड्रॉवरमध्ये सहाच उरल्या आहेत हे मला दिसले आणि मी सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रजिस्टरला तर अठ्ठावन्न दाखवतंय." मागणीची पातळी आम्ही पंधरा धरली होती, त्यामुळे अठ्ठावन्नवर कोणतीही सूचना येण्याचे कारणच नव्हते. कंपाउंडरने स्टूल लावून वरचा कप्पा पाहिला, तेव्हा तिथे आणखी पंचवीस अँप्युल निघाल्या. दहा-दहाचे दोन न फोडलेले बॉक्स आणि एका फोडलेल्या बॉक्समधल्या पाच. तिन्हींवर मुदत जुलै २०२५ अशी छापलेली होती, म्हणजे चार दिवसांपूर्वीच संपलेली.

अशा वेळी पहिला विचार येतो तो मागणीची पातळी वाढवण्याचा. पंधराऐवजी तीस धरू, म्हणजे कमी पडणार नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी हेच केले होते. हा उपाय रोग वाढवणारा आहे, कारण पातळी वाढली की खरेदी वाढते, खरेदी वाढली की कपाटात जुना माल मागे ढकलला जातो आणि मुदतीत न संपणाऱ्या नगांची संख्याही वाढते. पातळी मुळात बरोबर होती. आमचा वितरक मंगळवारी आणि शुक्रवारी माल देतो. एखादी मागणी नेमकी चुकली, तर माल यायला जास्तीत जास्त पाच दिवस लागतात, आणि पावसाळ्यातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसांत आम्ही रोज तीन अँप्युल वापरतो. तीन गुणिले पाच म्हणजे पंधरा. चूक त्या पंधरामध्ये नव्हती, ज्या आकड्याची त्याच्याशी तुलना होत होती त्या अठ्ठावन्नमध्ये होती.

आधी फरक मोजा, मग कारण शोधा

रजिस्टर दुरुस्त करायला बसण्याआधी त्या एका औषधाची प्रत्यक्ष मोजणी करावी आणि शेवटच्या खरेदीपासूनच्या नोंदी क्रमाने तपासाव्यात. आमच्या नोंदी अशा होत्या. २१ जुलैला शिल्लक २५, त्याच दिवशी पावसाळ्याची तरतूद म्हणून खरेदी ५०, आणि तेव्हापासून वापर १७. पंचवीस अधिक पन्नास वजा सतरा म्हणजे अठ्ठावन्न. बेरीज-वजाबाकी अचूक होती. प्रत्यक्षात मात्र कपाटात सहा अधिक पंचवीस अशा एकतीस अँप्युल होत्या. फरक सत्तावीसचा.

हा फरक कोणत्या प्रकारचा आहे यावरूनच कारण ओळखता येते. तो बॉक्समधल्या नगसंख्येच्या पटीत असेल, तर बहुधा खरेदीची नोंद चुकलेली असते. लहान आणि विषम असेल, तर फुटलेले, सांडलेले किंवा घाईत लिहायचे राहिलेले नग असतात. फरक शून्य असूनही औषध कमी पडत असेल, तर साठ्यात मुदत संपलेला माल मोजला जात आहे असे खुशाल समजावे. आमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. खरेदीचे बिल काढले तर त्यावर पाच बॉक्स होते. पूर्वीच्या कंपनीचा बॉक्स दहा अँप्युलचा असे, या वेळी आलेल्या कंपनीचा ट्रे पाचचा होता. नोंद करणाऱ्याने सवयीने पाच गुणिले दहा असे पन्नास लिहिले, प्रत्यक्षात पंचवीसच आल्या होत्या. सत्तावीसमधले पंचवीस इथे सापडले. उरलेल्या दोन अँप्युल मान मोडताना फुटल्या होत्या, आणि रुग्णाच्या नावावर न गेल्यामुळे त्यांची नोंद कुठेच झाली नव्हती.

हे जुळले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. या दोन्ही चुका झाल्या नसत्या, तरी रजिस्टरने त्या दिवशी एकतीस दाखवले असते, आणि एकतीस हा आकडाही पंधराच्या वरच आहे. सूचना तेव्हाही आली नसती. खरा वापरण्याजोगा साठा सहा होता.

रजिस्टर फसते ते नेमके कुठे

रजिस्टरातील आकडा फक्त व्यवहाराने हलतो. माल आला की वाढतो, दिला की कमी होतो. मुदत संपणे हा मात्र असा निर्गम आहे, जो कोणीही हाताने करत नाही आणि म्हणून कोणी लिहीतही नाही. ३१ जुलैच्या रात्री कपाटातल्या पंचवीस अँप्युल एका क्षणात बाद झाल्या, पण त्या रात्री दवाखान्यात काहीच घडले नाही, म्हणून रजिस्टरातही काही घडले नाही. प्रत्येक औषधाला एकच ओळ आणि एकच शिल्लक ठेवणाऱ्या रजिस्टरात हा दोष राहणारच, मग नोंद करणारा कितीही काटेकोर असो. काही जण त्या एका ओळीतच मुदतीचा रकाना जोडतात आणि नवा माल आला की जुनी तारीख खोडून नवी लिहितात. यात जुन्या मालाची मुदत कायमची नाहीशी होते, आणि म्हणून हा प्रकार रकाना नसण्यापेक्षाही वाईट आहे.

म्हणून ओळ औषधाची नव्हे, बॅचची हवी. एकाच ओंडान्सेट्रॉनच्या दोन बॅच असतील तर दोन ओळी, प्रत्येकीला स्वतःची मुदत आणि स्वतःची शिल्लक. बॅच क्रमांक लिहिणे ही वाढीव हौस नाही. स्वतःच्या रुग्णांना औषध देणाऱ्या डॉक्टरांना औषध नियम, १९४५ च्या परिशिष्ट 'के'मध्ये जी सवलत आहे, तिच्या अटींतच परवानाधारकाकडून खरेदी करणे आणि औषधाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक व उत्पादक यांची नोंद ठेवणे येते. ती नोंद आपण बिलांच्या फाइलमध्ये ठेवतोच. तीच साठ्याच्या पानावर आणायची आहे.

एक्सेलमध्ये `Batch` नावाचे पान करावे. रकाना A मध्ये औषध, B मध्ये बॅच क्रमांक, C मध्ये वेष्टनावरची मुदत, D मध्ये मुदतीचा खरा शेवटचा दिवस आणि E मध्ये शिल्लक नग. औषधाचे नाव जेनेरिक, मात्रा आणि प्रकार अशा एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहावे आणि ते ड्रॉपडाउन यादीतूनच निवडावे. कंपनीच्या नावाने लिहिले, तर वितरकाने कंपनी बदलताच त्याच औषधाचे दोन हिशेब सुरू होतात आणि दोन्ही चुकतात.

C आणि D असे दोन रकाने का, हे नीट समजून घ्यावे, कारण दुसरी मोठी चूक इथेच होते. वेष्टनावर केवळ महिना आणि वर्ष असते. नियमानुसार त्याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते असा आहे. आपण मात्र पेशीत `07/2025` टाइप केले की एक्सेल ते १ जुलै २०२५ असे धरते. त्या तारखेवर हिशेब केला, तर चांगले औषध महिनाभर आधीच बाद ठरते. याउलट कोणी `Jul.25 end` असे काही लिहिले, तर ती तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होतो. तारीख पेशीत उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, ही नजरेने ओळखण्याची खूण आहे. तरीही नजरेवर विसंबू नये. D मध्ये पुढील सूत्र घालावे.

```
=IF(ISNUMBER(C2),EOMONTH(C2,0),"मुदत तपासा")
```

D रकान्याला तारखेचे स्वरूप द्यावे, नाहीतर तिथे पाच अंकी संख्या दिसेल. याशिवाय खरेदीच्या तारखेपेक्षा मुदत जुनी दिसत असेल, तर नोंद करणाऱ्याने मुदतीऐवजी उत्पादनाची तारीख उतरवलेली आहे. अनेक स्ट्रिपांवर या दोन तारखा एकाखाली एक इतक्या बारीक ठशात असतात की ही चूक अगदी सहज होते.

आता दुसऱ्या पानावर प्रत्येक औषधाची एकच ओळ ठेवावी. त्यात A मध्ये नाव, B मध्ये वापरण्याजोगा साठा, C मध्ये मागवलेले पण अजून न आलेले नग आणि D मध्ये मागणीची पातळी. B चे सूत्र असे आहे.

```
=SUMIFS(Batch!E:E,Batch!A:A,A2,Batch!D:D,">="&(TODAY()+5))
```

यातला `+5` हा या साऱ्या उपायाचा गाभा आहे. रोजच्या वापराने साठा हळूहळू उतरतो, म्हणून पंधरावर आलो की मागणी करायला वेळ मिळतो. मुदतीने मात्र साठा एका रात्रीत कोसळतो. आजच्या तारखेवर हिशेब ठेवला, तर १ ऑगस्टला सकाळी सूचना येईल आणि माल येईपर्यंतचे दिवस कोरडे जातील. म्हणून माल यायला जितके दिवस लागतात, तितके दिवस पुढे पाहूनच साठा मोजावा. आमच्या उदाहरणात हे सूत्र असते आणि पाचच्या ट्रेची नोंद बरोबर असती, तर २७ जुलैलाच जुन्या पंचवीस अँप्युल हिशेबातून बाहेर पडल्या असत्या. नव्या बॅचमध्ये २८ जुलैच्या सुमारास पंधरा उरल्या असत्या, सूचना आली असती, आणि शुक्रवारी, १ ऑगस्टला माल हातात असता. ज्यांचा वितरक आठवड्यातून एकदाच येतो त्यांनी पाचच्या जागी आठ लिहावे.

शेवटच्या रकान्यातले सूत्र साधे आहे.

```
=IF(B2+C2<=D2,"मागवा","")
```

C रकाना वगळू नये. तो नसेल तर सकाळी कंपाउंडर आणि संध्याकाळी सिस्टर अशी एकाच औषधाची दोनदा मागणी जाते. ज्या बॅचसमोर "मुदत तपासा" असे आले आहे, ती या बेरजेत धरली जात नाही, हेही लक्षात ठेवावे. हे मी मुद्दाम तसेच ठेवले आहे. तारीख शंकास्पद असेल तेव्हा साठा कमी दिसून आपण कपाटाकडे जावे, जास्त दिसून निर्धास्त राहू नये.

सूत्राला जे दिसत नाही

संगणक असे गृहीत धरतो की आधी मुदत संपणारी बॅच आधी वापरली जाते. कपाटात तसे होत नसेल, तर वरचे सगळे सूत्रशास्त्र निरुपयोगी आहे. आमच्याकडे २१ जुलैला आलेला माल हाताशी म्हणून ड्रॉवरमध्ये गेला आणि जुना वरच्या कप्प्यात राहिला. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये, जुना पुढे आणि नवा मागे असे ठेवले असते, तर महिनाअखेरपर्यंतचा वापर जुन्यातून झाला असता. जेमतेम दहा-अकरा अँप्युल वाया गेल्या असत्या आणि नवी बॅच ४ ऑगस्टला जवळजवळ शाबूत असती. येथे लक्षात घ्यावे की आधी आलेला माल आधी, हा किराणा दुकानाचा नियम औषधांना पुरत नाही. नंतर आलेल्या बॅचची मुदत कधीकधी आधीच्या बॅचपेक्षा जवळची असते, म्हणून मुदत पाहूनच रांग लावावी. मुदतीला तीन महिने उरलेल्या बॉक्सवर आम्ही लाल मार्करने मोठ्या अक्षरांत महिना लिहितो, म्हणजे घाईच्या वेळी बारीक ठसा वाचावा लागत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक बारीक पण वारंवार नडणारी गोष्ट आहे. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते. कात्री नेमकी त्याच टोकाकडून चालली, तर रुग्णाला दिलेल्या चार गोळ्यांबरोबर मुदतही जाते आणि डब्यात उरलेल्या सहा गोळ्या कोणत्या बॅचच्या हे मग कोणालाही सांगता येत नाही. ज्या टोकाला छपाई नाही तिकडून कापत यावे आणि छपाईचे टोक शेवटी संपवावे. मी हे कंपाउंडरला शेजारी बसून दाखवले आणि टाकून द्याव्या लागणाऱ्या अर्धवट स्ट्रिपांचा प्रश्न बऱ्याच अंशी तिथेच मिटला.

एककाचा गोंधळ टाळण्यासाठी साठा नेहमी रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सर्वांत लहान नगात मोजावा. गोळी, अँप्युल, सिरिंज, सलाईन सेट. बॉक्स किंवा स्ट्रिप हा शब्द शिल्लक रकान्यात येऊच नये. खरेदीची नोंद करताना बॉक्सची संख्या आणि एका बॉक्समधले नग असे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत आणि गुणाकार संगणकाला करू द्यावा. दुसरा आकडा बॉक्स हातात घेऊन, त्यावर वाचून लिहावा. सिरिंज, सुया आणि सलाईन सेट यांच्यावरही निर्जंतुकतेची मुदत छापलेली असते, त्यामुळे त्यांनाही बॅचची ओळ हवी. कापूस-गॉजसारख्या वस्तूंसाठी मात्र एवढा खटाटोप मी करत नाही.

रोज प्रत्येक इंजेक्शनची नोंद कोणत्या बॅचमधून, हे लिहिण्याचा आग्रह लहान दवाखान्यात टिकत नाही. आठवडाभर चालतो आणि मग थांबतो. आम्ही दिवसअखेर एकूण वापर लिहितो आणि तो सर्वांत जवळच्या मुदतीच्या बॅचमधून वजा करतो. दर शनिवारी जास्त चालणाऱ्या दहा औषधांची बॅचवार मोजणी होते आणि शिल्लक तिथे जुळवली जाते. फुटलेल्या आणि सांडलेल्या नगांसाठी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, त्यावर उभी रेघ मारली की पुरते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दवाखाना बंद करण्याआधी, त्या महिन्यात मुदत संपणाऱ्या सगळ्या बॅच कपाटातून काढल्या जातात. मुदत महिनाअखेरीसच संपत असल्यामुळे हा एक दिवस पाळला की पुरेसे होते.

मुदतीपूर्वी संपणार नाही असा माल आधीच ओळखता आला तर तो वाचवताही येतो. हिशेब असा. पावसाळा संपला, वापर दोन दिवसांत एक अँप्युलवर आला, १ नोव्हेंबरला एका बॅचच्या पन्नास अँप्युल आहेत आणि मुदत डिसेंबरअखेरची आहे. उरलेल्या ६१ दिवसांत साधारण तीस वापरल्या जातील, वीस शिल्लक राहतील. हे नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळले, तर त्या वीस परत किंवा बदलून घेण्याबद्दल वितरकाशी बोलता येते. मुदतीच्या किती आधी परत घेणार आणि फोडलेला बॉक्स चालेल का, या अटी प्रत्येक वितरकाच्या वेगळ्या असतात. त्या विचारून त्याच्या नावापुढे लिहून ठेवाव्यात.

वरचा सगळा हिशेब वापरावर बेतलेला असल्यामुळे जे औषध क्वचितच लागते त्याला तो लागू पडत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनच्या अँप्युलचा वर्षभरातला वापर शून्य असू शकतो, आणि शून्य गुणिले पाच दिवस म्हणजे पातळीही शून्य येते. आणीबाणीच्या ट्रेमधील औषधांची पातळी सूत्राने न काढता डॉक्टरने ठरवून हाताने लिहावी आणि त्यांच्यासाठी पुढे पाहण्याचे दिवस पाचऐवजी साठ ठेवावेत, म्हणजे बदली माल ट्रेमध्ये आल्यावरच जुना बाहेर निघेल. फोडलेल्या बहुमात्रा कुप्यांचेही तसेच आहे. इन्सुलिनची कुपी उघडली की वेष्टनावरची मुदत तिला लागू राहत नाही. बहुतेक इन्सुलिनसाठी उघडल्यापासून २८ दिवस धरतात, नेमके दिवस सोबतच्या माहितीपत्रकात असतात. कुपी उघडताक्षणी साठ्यातून वजा करावी आणि तिच्यावर उघडल्याची व टाकून देण्याची, अशा दोन्ही तारखा लिहिलेली चिकटपट्टी लावावी.

त्या पंचवीस अँप्युलची नोंद आम्ही ५ ऑगस्टला 'मुदतबाह्य, २५' अशी निर्गम रकान्यात केली, आणि फुटलेल्या दोनची 'फूट, २' अशी. खरेदीची नोंद पन्नासऐवजी पंचवीस केली, शिल्लक सहावर आली, तेव्हा "मागवा" हा शब्द पडद्यावर आला. अँप्युल 'वापरू नये' असे लिहिलेल्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार मुदतबाह्य औषधे पिवळ्या वर्गात मोडत असल्याने पुढच्या फेरीला पिवळ्या पिशवीतून कचरा प्रक्रिया केंद्राच्या गाडीत दिल्या. वरच्या कप्प्यात आता फक्त कापूस आणि पट्ट्या ठेवतो. स्टूल लावल्याशिवाय जिथे हात पोचत नाही, तिथे मुदतीचे काहीही ठेवत नाही.